‘त्सुलासेन’चा अर्थ

कासेलमधल्या आमच्या एरिट्रियन लोकांत मेब्राहतूला नावाने हाक मारणारी माणसं दोनच, त्याची बायको अब्रेहेत आणि तिची थोरली बहीण त्सिगेरेदा. बाकीचे सगळे त्याला मेम्हिर म्हणत. मेम्हिर म्हणजे गुरुजी. या गुरुजींची स्वतःची शाळा पाचवीत सुटली होती, पण जर्मनीत आल्यावर कोण कुणाची पाचवी विचारतो? इथे एकच प्रश्न असतो, जर्मन येतं का. आणि मेब्राहतूला जर्मन येत होतं. म्हणजे बोलता येत होतं. धडाधड, हातवारे करत, समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकेल असं. वाचता किती येतं, हे कुणी विचारलं नाही. ज्याला ते विचारण्याइतकं कळत होतं, तो त्याच्याकडे येतच नसे.

रविवारी प्रार्थना संपली की चर्चमागच्या हॉलमध्ये बायका कॉफी भाजायला घ्यायच्या आणि मेब्राहतू रेडिएटरशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसायचा. ती खुर्ची त्याचीच. चुकून दुसरं कुणी टेकलं तर म्हाताऱ्या त्याला उठवायच्या. मग पाकिटं घेऊन लोक यायचे. मेब्राहतू कागद हातभर लांब धरायचा, पहिली ओळ खणखणीत आवाजात वाचायचा, उरलेल्या मजकुरावरून नुसती नजर फिरवायचा आणि ‘हं’ म्हणायचा. निम्मं काम त्या ‘हं’नेच व्हायचं. बाकीचं अंदाजाने. सरकारी पत्रं शेवटी दोनच गोष्टी सांगतात, कागद आणा नाहीतर पैसे भरा, त्यामुळे अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

आणि मदत करायची ती गप्प करायची नाही. चार लोकांना ऐकू जाईल अशी करायची.

“मेम्हिर, यात काय लिहिलंय हो?” लेतेकिदान नावाच्या बाईने एकदा विचारलं.

“तुला काय वाटतं?”

“मला कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?”

“तेच म्हणतोय मी. देवाने डोकं दिलंय ते काय नुसतं वेणी घालायला? इतकी वर्षं झाली या देशात, आणि अजून पाकीट उघडायलासुद्धा माणूस लागतो. जर्मन शब्द म्हणजे मालगाडी. घाबरायचं नाही. डबे सोडवायचे, एकेक डबा उघडायचा, आत काय आहे बघायचं. एवढं सोपं आहे.”

लेतेकिदान मान खाली घालून हसली. बाकीचेही हसले. मेब्राहतूने कॉफीचा दुसरा कप घेतला. या लोकांना वाघा-सिंहांनी खाल्लं नाही, समुद्राने गिळलं नाही, आणि आता एका कागदापुढे यांची बोबडी वळते, असं त्याला मनापासून वाटे. कीव नाही, चीड यायची. आपण नसतो तर ही सगळी माणसं एकमेकांचा हात धरून चुकीच्या ऑफिसात उभी राहिली असती, याबद्दल त्याच्या मनात कधी शंका नव्हती.

आता खरी गोष्ट. हे गुरुजी जर्मन भाषेच्या बी-वन परीक्षेत नापास झालेले होते. एकदा नाही, दोनदा. बोलण्यात पास, वाचण्यात आणि लिहिण्यात साफ आडवे. ही परीक्षा काही फार मोठी नव्हे. हॉलमध्ये पाकिटं घेऊन येणाऱ्यांतली कितीतरी माणसं रडतखडत ती पास झाली होती आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं. मेब्राहतूने मात्र पहिल्या खेपेलाच, निकाल यायच्या आधीच, पास झालो म्हणून घरी सांगून टाकलं होतं. तो नापास होईल हे त्याच्या स्वतःच्याच डोक्यात आलं नव्हतं. अब्रेहेतने ते बहिणीला सांगितलं, बहिणीने गावाला सांगितलं, आणि पुढच्या रविवारी अब्रेहेतने स्वतःच्या हाताने हिंबाशाच्या मोठमोठ्या गोड रोट्या भाजून हॉलभर वाटल्या. पाद्रीबाबांनी तुकडा मोडून आशीर्वाद दिला. आता तो आशीर्वाद परत कसा करायचा?

म्हणून दर शनिवारी सकाळी मेब्राहतू इस्त्रीचा शर्ट घालून ट्रामने बाउनाटालला जायचा. ऑफिसात दुभाषी म्हणून बोलावतात, असं घरी सांगितलेलं. प्रत्यक्षात तिथे एका केशकर्तनालयाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, फ्राउ हेनिंग नावाच्या निवृत्त शिक्षिकेचा क्लास होता. मेब्राहतू मागच्या बाकावर बसायचा. कासेलमधलं आपलं कुणी तिथे येत नाही याची त्याने आधी नीट खात्री करून घेतली होती. तिसऱ्यांदा परीक्षा द्यायची, गुपचूप पास व्हायचं, आणि जुनं खोटं आपोआप खरं होऊन जाईल, असा हिशेब होता. हे बाहेर फुटलं असतं तर खुर्ची गेली असती, मेम्हिर हे नाव गेलं असतं, आणि ज्यांना त्याने वर्षानुवर्षं हॉलभर हसवून लाजवलं होतं ते सगळे एकाच दिवशी हसले असते.

असं सगळं बेताबेताने चाललं असताना त्सिगेरेदाच्या नवऱ्याची गाडी महामार्गावर बंद पडली. बिचारा पावसात उभा, आणि आपण कुठे उभे आहोत हे त्याला सांगता येईना. त्या दिवसापासून त्सिगेरेदाने ध्यास घेतला. कुणाकडून तरी ऐकून तिने एक अ‍ॅप शोधून काढलं, घरातला कोण कुठे आहे ते नकाशावर दाखवणारं. रविवारी तिच्याकडे सगळे जेवायला होते. जेवण झालं, हात धुतले, आणि तिने एकेकाचा फोन हिसकावून त्यात ते अ‍ॅप घातलं. नकाशावर प्रत्येकाचं गोल तोंड. तिचं, नवऱ्याचं, अब्रेहेतचं आणि मेब्राहतूचं.

“आता कोणी हरवणार नाही,” त्सिगेरेदा म्हणाली. “आणि कोणी लपणारही नाही. काय मेम्हिर?”

ती त्याला मेम्हिर म्हणायची ते फक्त टोमणा मारायचा असेल तेव्हा.

“मी कशाला लपू? मला लपायला वेळ आहे का?” मेब्राहतू म्हणाला, आणि घरी जाईपर्यंत ट्राममध्ये फोन उलटसुलट करून बघत बसला.

अ‍ॅप काढून टाकणं शक्य नव्हतं. नकाशावरून तोंडच गेलं तर त्सिगेरेदा पहिल्या तासात फोन करणार. फोन घरी ठेवून जाणंही शक्य नव्हतं, कारण शनिवारी दुपारी अब्रेहेत फोन करते, येताना काय आणायचं ते सांगायला. म्हणजे अ‍ॅप जागच्या जागी राहायला हवं, पण त्याचे डोळे फोडायला हवेत. हे काम फोनच्या सेटिंगमध्ये होतं एवढं त्याला माहीत होतं. आणि त्याचा फोन जर्मनमध्ये होता. फोनच्या भाषांच्या यादीत त्याची मातृभाषा तिग्रिन्या नव्हतीच. इथिओपियाची अम्हारिक होती, पण ज्यांच्याशी त्याचे दोन भाऊ लढून मेले त्यांच्या भाषेत फोन ठेवण्यापेक्षा त्याने तो नदीत टाकला असता. शिवाय जर्मन फोन चारचौघांत शोभून दिसे. दुसऱ्या कुणाला विचारणं तर लांबच. मेम्हिरने फोनमधला शब्द विचारायचा? आणि विचारायचा तो लेतेकिदानला?

सोमवारी संध्याकाळी न्हाणीघराची कडी लावून त्याने सेटिंग उघडलं. ‘श्टांडओर्ट’ हा शब्द सापडला. ‘ओर्ट’ म्हणजे ठिकाण, ‘श्टांड’ म्हणजे उभं राहणं. उभं राहण्याचं ठिकाण. डबे सुटले. वर एक मोठं बटण होतं, ते त्याने बंद केलं. झालं. एवढ्यासाठी लोक घाबरतात, असं म्हणून तो हात धुवून बाहेर आला आणि त्याने दोनदा जेवण वाढून घेतलं.

मंगळवारी सकाळी कामावर फजिती झाली. मेब्राहतू गोठवलेल्या ब्रेडच्या गोदामात कामाला होता. तिथली हजेरीही फोनवरच, आणि गेटपाशी उभं राहून बटण दाबलं तरच लागायची. त्या दिवशी बटण दाबलं की फोन तांबडा व्हायचा. मुकादम ग्राबोव्स्की बाहेर आला. जर्मन लोक मेब्राहतूला आडनावाने, हेर म्हणजे श्रीयुत टेस्फू म्हणत.

“हेर टेस्फू, तुम्ही कामावर नाही.”

“मी तुमच्यासमोर उभा आहे.”

“अ‍ॅप म्हणतंय तुम्ही कुठेच नाही.”

“मग तुम्ही कुणाशी बोलताय?”

“ते मला माहीत नाही. श्टांडओर्ट चालू करा, मग बोलू.”

मागे रांग लागली होती. मेब्राहतूने दात-ओठ खात बटण पुन्हा चालू केलं. म्हणजे सगळ्या फोनचं ठिकाण बंद करून चालणार नव्हतं. हजेरीला ते लागतं, ट्रामच्या नकाशाला लागतं. बंद करायचं ते एकाच अ‍ॅपचं. आणि ते कुठे असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने मनातल्या मनात फोन बनवणाऱ्याला, मुकादमाला, मेहुणीला आणि शेवटी सगळ्या जर्मन जातीला शिव्या घातल्या. या लोकांना दोन शब्द जवळजवळ ठेवलेले बघवत नाहीत, लगेच त्यांची लग्नं लावून टाकतात.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत तो गोदामाच्या कोपऱ्यात एकटाच बसला आणि ‘श्टांडओर्ट’मध्ये पुन्हा शिरला. मोठ्या बटणाच्या खाली एक लांबच लांब शब्द होता. त्याच्या सुरुवातीला ‘अ‍ॅप’, मध्ये ‘श्टांडओर्ट’, आणि शेवटी काहीतरी हक्काबिक्कासारखं. अ‍ॅपांचे हक्क. त्याने ते उघडलं. आत फोनमधली सगळी अ‍ॅप्स ओळीने लावलेली, निरनिराळ्या मथळ्यांखाली. शोधता शोधता मेहुणीचं अ‍ॅप सापडलं. त्याच्यावर बोट ठेवलं आणि चार ओळी समोर आल्या, प्रत्येकीच्या पुढे एक छोटं वर्तुळ. ठिपका दुसऱ्या ओळीवर होता.

तिसरी ओळ त्याला लगेच कळली, दरवेळी विचारा. ती नको. फोन दरवेळी विचारायला लागला तर माणसाने झोपायचं कधी? उरलेल्या तिन्ही ओळींच्या शेवटी एकच शब्द होता. ‘त्सुलासेन’.

मेब्राहतू हसला. चक्क मोठ्याने हसला. कारण हा शब्द तो रोज वाचत होता. मान वर केली तर समोरच होता. गोदामाच्या थंड खोलीच्या जाडजूड दारावर तांबड्या अक्षरांत पाटी होती, दार कृपया त्सुलासेन. कामावर लागला त्या पहिल्याच दिवशी दार उघडं टाकल्याबद्दल ग्राबोव्स्कीने त्याला त्या पाटीपुढे उभं करून तो शब्द शिकवला होता. ‘त्सू’ म्हणजे बंद. ‘लासेन’ म्हणजे राहू देणं. बंद राहू द्या. दोन डबे, दोन्ही उघडले, दोन्हींत माल.

मग सगळं कसं लख्ख झालं. पहिली ओळ, ‘इमर त्सुलासेन’. ‘इमर’ म्हणजे नेहमी. नेहमी बंद राहू द्या. दुसरी ओळ, फक्त अ‍ॅप वापरत असताना बंद राहू द्या. म्हणजे वापरत नसताना उघडं. अर्थातच, मेहुणीने हीच दाबून ठेवली होती, हिला बरोबर लबाडी सुचते. आणि शेवटची ओळ, ‘निश्त त्सुलासेन’. बंद राहू देऊ नका. म्हणजे सताड उघडं. ही ओळ दाबणारा महामूर्ख कोण असेल, असा विचार करून त्याला आपल्या हॉलमधले चार-पाच चेहरे आठवले.

त्याने पहिली ओळ दाबली. ठिपका वर सरकला. नेहमी. खाली ‘नेमकं ठिकाण’ अशा काहीतरी अर्थाचं एक बटण चालूच होतं, पण दाराला कुलूप घातल्यावर खिडकीची काळजी कशाला, म्हणून ते त्याने तसंच सोडलं.

त्या संध्याकाळी घरी काही झालं नाही. त्सिगेरेदाचा फोन नाही, अब्रेहेतचा प्रश्न नाही. शुक्रवारीही नाही. मोठं बटण दाबलं तेव्हा कामावर बोंब झाली होती, आता कुठेच हूं की चूं नाही. आपण बरोबर केलं याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? शुक्रवारी रात्री जेवताना तो इतका खुशीत होता, की अब्रेहेतने त्याच्याकडे दोन-तीनदा टक लावून पाहिलं. तिने काही विचारलं नाही. तिच्या त्या न विचारण्याचा अर्थ लावायला मात्र गुरुजींना सुचलं नाही. तो शब्द त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

शनिवारी क्लासमध्ये फ्राउ हेनिंगने फळ्यावर ‘लासेन’ लिहिलं आणि त्याच्यापुढे लहान लहान शब्द जोडायला सुरुवात केली. कुठे सोडून जाणं, कुठे हातातून सोडणं. ‘त्सुलासेन’ लिहिल्यावर ती वळून म्हणाली, “याचं वाक्य कोण सांगेल?”

मागच्या बाकावरून मेब्राहतूचा हात वर गेला. एरवी तो तिथे हात वर करत नसे. लिहायला सांगतील अशी भीती असायची.

“दार त्सुलासेन. दार बंद राहू द्या.”

“शाब्बास, हेर टेस्फू. अगदी बरोबर.”

मेब्राहतूने शेजारच्या युक्रेनियन बाईकडे, ओक्सानाकडे, एक नजर टाकली. ती नेहमी त्याच्या आधी उत्तर द्यायची.

“पण हे झालं दाराचं,” फ्राउ हेनिंग पुढे म्हणाली. “परीक्षेत दार येणार नाही. परीक्षेत येईल दुसरा अर्थ, आणि तो तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आहे. काढा फोन. सेटिंगमध्ये जा. कॅमेरा, माईक, श्टांडओर्ट, कुठेही बघा. काय दिसतं?”

“निश्त त्सुलासेन,” ओक्सानाने वाचलं. “म्हणजे परवानगी देऊ नका. बरोबर?”

“बरोबर. त्सुलासेन म्हणजे परवानगी देणं, होऊ देणं.”

“नाही,” मेब्राहतू म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडातून आपोआपच निघाला. “‘त्सू’ म्हणजे बंद.”

“दारापुरतं. इथे नाही.”

“मग ‘इमर त्सुलासेन’ म्हणजे?”

“नेहमी परवानगी. तुम्ही ते अ‍ॅप उघडलेलं नसलं तरी. फोन खिशात पडलेला असला तरी. असं शक्यतो कुणी करू नये.”

“आणि ती मधली? फक्त वापरताना?”

“मग तुम्ही अ‍ॅप उघडलंत तरच त्याला ठिकाण कळतं. नाही उघडलंत तर बसू दे आंधळं.” ती हसली. “का हो? तुम्ही कुणाला नेहमीची परवानगी देऊन बसलात की काय?”

वर्ग हसला. ते साधं, शनिवारचं, आळसावलेलं हसू होतं, त्यात विष नव्हतं. पण मेब्राहतूच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. त्याने ते अ‍ॅप रविवारपासून एकदाही उघडलं नव्हतं. म्हणजे काही न करता हातावर हात ठेवून बसला असता तरी त्सिगेरेदाच्या नकाशावर तो तिच्याच घरात जेवत बसलेला दिसला असता. त्याने स्वतःच्या बोटाने, भाषेचा आधार घेऊन, हसत हसत दार उघडून दिलं होतं. बाकाखाली फोन धरून त्याने घाईघाईने ती चार ओळींची जागा गाठली आणि शेवटची ओळ दाबली, महामूर्खांची. तेवढ्यात मधली सुट्टी झाली. हवा हवी होती म्हणून तो जिना उतरला.

केशकर्तनालयाच्या दारात अब्रेहेत आणि त्सिगेरेदा उभ्या होत्या.

त्सिगेरेदाच्या हातात फोन होता. तिने आधी वर जिन्याकडे पाहिलं, मग त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे.

“आत्ता गायब झालास नकाशावरून,” ती म्हणाली. “म्हटलं, याला सुगावा लागला वाटतं. बुधवारपर्यंत माझ्याच टेबलाशी बसलेला दिसत होतास. मी म्हणाले, अ‍ॅप बिघडलं. गुरुवारी दुपारी एकदम गोदामात उगवलास, तिथून घरी, घरातून दुकानात. आणि आज इथे. ऑफिस आहे का रे हे?”

मेब्राहतूने फोन खिशात सारला.

“शनिवारी कुठलं ऑफिस उघडं असतं, हे मी हिला कधीपासून विचारतेय. ही म्हणायची, तो मेम्हिर आहे, त्याला वेगळं बोलावतात. घे, हे वेगळं बोलावणं. कुठल्या मजल्यावर असते ती?”

“कोण?”

“आता मलाच विचार. बाई, दुसरं कोण?”

तेव्हा मेब्राहतूच्या लक्षात आलं. यांना क्लासचं काहीच माहीत नव्हतं. या दोघी त्याने ठेवलेली एखादी बाई शोधायला आल्या होत्या. आणि माणूस किती कोत्या मनाचा असू शकतो पाहा, त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटकेचं. खुर्ची वाचली. बाई म्हणजे भांडण, बाई म्हणजे काही महिने सोफ्यावर झोपणं, पाद्रीबाबांसमोर मान खाली घालणं. पण बाई ठेवणारा माणूस अडाणी ठरत नाही. त्याने अब्रेहेतकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर कदाचित जीभ अडखळली असती.

“दुसऱ्या मजल्यावर,” तो म्हणाला. “बाई आहे.”

अब्रेहेत सकाळी डोक्यावर घेतलेली पांढरी शाल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. ती हलली नाही. त्सिगेरेदाने मात्र जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

वरून काठीचा आवाज आला. फ्राउ हेनिंग एकेक पायरी सांभाळत खाली येत होती. सत्तरीची, जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर लोकरीची शाल, बोटांना खडू.

“हीच?” त्सिगेरेदाने तिग्रिन्यात विचारलं. तिचा आवाज पार बसला होता.

“हेर टेस्फू,” फ्राउ हेनिंग म्हणाली, “सुट्टी संपली. आणि तुम्ही रागावून निघून गेलात असं ओक्साना म्हणाली. अहो, एका शब्दावरून कुणी असं करतं का? चुकायचंच. पण या खेपेला पास व्हायचं आहे ना? मग वाचनाचे तास बुडवून कसं चालेल?” मग तिला त्या दोघी दिसल्या. “अरे वा, घरचे आलेत वाटतं. तुमची पत्नी?”

जर्मन फार येत नसलं तरी अब्रेहेतला एवढं कळलं. तिच्या नजरेला नजर न देता मेब्राहतू भिंतीवरचं केशकर्तनाचं दरपत्रक वाचत उभा राहिला. ते त्याला वाचता येत होतं.

“माझा नवरा,” अब्रेहेतने एकेक शब्द गोळा करत विचारलं, “इथे काय करतो?”

“शिकतो. चांगला बोलतो तुमचा नवरा. वाचायला बसवलं की मात्र मान फिरवतो. दोनदा थोडक्यात राहिलंय. तिसऱ्यांदा नक्की होईल.”

“दोनदा,” अब्रेहेत म्हणाली.

“दोनदा. लाजायचं काही नाही त्यात.”

फ्राउ हेनिंगने हसून मान डोलावली आणि पुन्हा जिना चढायला लागली. तिची काठी वर पोहोचली. मग त्सिगेरेदा हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून, मग भिंतीला टेकून.

“मेम्हिर,” ती म्हणत होती. “अगं, आपला मेम्हिर. वाचायला बसवलं की मान फिरवतो.”

अब्रेहेत हसली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. ‘बाई आहे’ हे ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते आता नव्हतं. त्याच्या जागी दुसरं काही आलं होतं, आणि ते मेब्राहतूला फार ओळखीचं होतं. हॉलमधल्या खुर्चीवर बसून पाकिटं उघडताना ते इतकी वर्षं त्याच्याच चेहऱ्यावर असायचं.

“हिंबाशा भाजली होती मी,” ती म्हणाली. “दोन दिवस पीठ मळत होते. पाद्रीबाबांच्या हातून मोडून घेतली. आणि तू तिथे उभा राहून खाल्लीस.”

“अब्रेहेत, मी सांगणारच होतो. पास झाल्यावर—”

“आणि आत्ता बाई आहे म्हणालास. मी इथे उभी असताना. खुर्चीसाठी.” तिने हात पुढे केला. “फोन काढ.”

त्याने काढला.

“जे बंद केलंस ते चालू कर. मला इथे, माझ्यासमोर करून दाखव. शनिवारी तू इथे वर्गात आहेस की नाहीस ते मला घरी बसून दिसलं पाहिजे.”

मेब्राहतूने सेटिंग उघडलं. श्टांडओर्ट, मग तो लांब शब्द, मग अ‍ॅप, मग चार ओळी. त्याचं बोट पहिल्या ओळीवर गेलं.

“काय लिहिलंय तिथे?” अब्रेहेतने विचारलं.

“नेहमी परवानगी.”

“नक्की?”

“नक्की.”

“दाब.”

त्याने दाबलं. त्सिगेरेदाच्या हातातल्या फोनवर थोड्या वेळाने त्याचं गोल तोंड परत आलं, दोघी बहिणींच्या मधोमध.

“जा आता वर,” अब्रेहेत म्हणाली. “तास सुरू झाला असेल.”

तो जिना चढायला लागला. पहिल्या वळणावर पोहोचला तोच खालून त्सिगेरेदाचा आवाज आला, हसून हसून घोगरा झालेला. “अगं, पण उद्या हॉलमध्ये सगळे विचारतील, शनिवारी दोघी कुठे पळत गेला होतात. मेम्हिरच्या मागावर निघालोय म्हणून येताना ट्राममध्ये लेतेकिदानला सांगून बसले मी. काय सांगू आता?”

मेब्राहतू कठडा धरून थांबला.

“बाई आहे म्हणून सांग,” अब्रेहेत म्हणाली. “ते बरं.”